गिझरच्या खोक्यावरचे आकडे

दुकानात ओळीने मांडलेल्या गिझरांच्या खोक्यांवर साधारण सारखाच मजकूर असतो: १५ लिटर, २००० वॅट, ८ बार, ५ स्टार आणि त्याखाली ‘सेफ्टी’च्या नावाने चार-पाच बारीक चित्रे. बहुतेकजण लिटर पाहतात, स्टार मोजतात आणि किमतीकडे वळतात. पण लिटर, वॅट आणि पाणी तापायला लागणारी मिनिटे या तीन गोष्टी एकाच हिशेबाने बांधलेल्या आहेत. तो हिशेब तोंडी करता येतो आणि कोणत्याही कंपनीला तो चुकवता येत नाही.

एक लिटर पाणी एक अंश सेल्सिअसने तापवायला सुमारे ४.२ किलोज्यूल ऊर्जा लागते. हा पाण्याचा गुणधर्म आहे. यातून एक सोपे सूत्र निघते: लिटर गुणिले जितके अंश तापवायचे ते, गुणिले ७०, भागिले वॅट. उत्तर मिनिटांत येते.

नाशिकच्या थंडीतली एक सकाळ घेऊ. गच्चीवरच्या टाकीतून येणारे पाणी १८ अंशांवर आहे आणि गिझर ६० अंशांवर बंद होतो. म्हणजे पाणी ४२ अंशांनी तापवायचे आहे. १५ गुणिले ४२ गुणिले ७०, भागिले २०००, म्हणजे २२ मिनिटे. याच गिझरला मुंबईत २५ अंशांचे पाणी मिळाले, तर १८ मिनिटे पुरतात. त्यामुळे जाहिरातीत ‘दहा मिनिटांत गरम’ असे वाचले की आधी विचारावे, किती अंशांपासून किती अंशांपर्यंत?

आता हे पाणी पुरते किती? ६० अंशांचे पाणी कोणी अंगावर घेत नाही; त्यात विसण घालून ते ४० अंशांवर आणावे लागते. १८ अंशांचे विसण असेल, तर २० लिटरच्या बादलीत साडेदहा लिटर गरम पाणी जाते. म्हणजे १५ लिटरच्या गिझरमधून एकदम दीडच बादली निघते. पण पहिल्याची आंघोळ चालू असताना गिझर चालूच राहिला, तर दहाएक मिनिटांत दुसरी बादलीही भागते. बादलीने आंघोळ करणाऱ्या तिघा-चौघांच्या घराला म्हणूनच १५ लिटर पुरतात. शॉवरचे गणित वेगळे आहे. मिनिटाला आठ लिटर सोडणारा शॉवर हा साठा चार-साडेचार मिनिटांत संपवतो आणि मग गार धार येऊ लागते. शॉवरच हवा असेल, तर मोठी टाकी घ्यावी लागते.

हेच सूत्र उलटे फिरवले की स्वयंपाकघरात लागतो त्या तीन लिटरच्या ‘इन्स्टंट’ गिझरचे मर्म कळते. त्याची टाकी नावापुरती असते. नळ चालू असताना जेवढे पाणी आतून जाईल तेवढे तो तापवतो. ३००० वॅटच्या इन्स्टंटमधून मिनिटाला तीन लिटर पाणी घेतले, तर ते जेमतेम १४ अंशांनी तापते. मुंबईत २५ अंशांचे पाणी ३९ वर येते आणि माणूस खूश होतो. नाशिकच्या त्या सकाळी ते ३२ वरच अडकते. यंत्र बिघडलेले नसते. नळ बारीक केला की पाणी अधिक तापते, पण बादली भरायला तितकाच अधिक वेळ लागतो.

वॅटचा आणखी एक अर्थ भिंतीतल्या वायरींना ठाऊक असतो. आपल्या २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर २००० वॅटचा गिझर जवळपास ९ अँपिअर प्रवाह ओढतो, ३००० वॅटचा १३. म्हणून त्याला १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट लागतो. मोबाइल चार्जरच्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर अ‍ॅडॅप्टर लावून गिझर चालवला, तर आधी प्लगचा दांडा तापतो, मग प्लास्टिक पिवळे पडून जळका वास येऊ लागतो.

स्टारबद्दल मोठा गैरसमज आहे. पाणी तापवायला ५ स्टारलाही तेवढीच वीज लागते. पाण्यात बुडालेली कॉइल जवळजवळ सगळी वीज उष्णतेतच बदलते. आपल्या त्या २२ मिनिटांत पाऊण युनिट जळते, स्टार कितीही असोत. स्टार सांगतात ते तापलेले पाणी नुसते टाकीत राहिले, तर दिवसभरात किती उष्णता बाहेर झिरपते ते. लेबलवर ती ‘स्टँडिंग लॉस’ म्हणून युनिटमध्ये दिलेली असते. गिझर दिवसभर चालू ठेवणाऱ्या घरात स्टार पैसे वाचवतात. आंघोळीपुरते बटण दाबून नंतर बंद करणाऱ्याला त्यांचा फायदा थोडाच.

राहिली सुरक्षेची चित्रे. त्यांतली तीन एकापाठोपाठ एक उभ्या असलेल्या पहाऱ्याची आहेत. पहिला थर्मोस्टॅट: ठरलेले तापमान आले की तो वीज तोडतो, पाणी निवले की पुन्हा जोडतो. त्याचे टोक चिकटून बसले, तर पाणी तापतच जाते. तेव्हा दुसरा, थर्मल कटआउट, वीज कायमची तोडतो. तो हाताने पूर्ववत करावा लागतो. तोही फसला, तर दाब मर्यादेपलीकडे गेल्यावर तिसरा, प्रेशर व्हॉल्व्ह, पाणी बाहेर सोडतो.

या तिसऱ्याचे महत्त्व ‘८ बार’मध्ये आहे. दर दहा मीटर उंचीच्या पाण्याने एक बार दाब येतो. गच्चीवरच्या टाकीने तो एक-दोन बारच भरतो, प्रेशर पंपाने अधिक. पण बंद टाकीत ८ बार दाबाखाली पाणी १०० अंशांना उकळत नाही. ते १७५ अंशांच्या आसपास जाईपर्यंत पाणीच राहते. अशी टाकी फुटली, तर दाब एकदम उतरतो, त्यातल्या काही पाण्याची क्षणात वाफ होते आणि टाकी बॉम्बसारखी उडते.

हा व्हॉल्व्ह एरवीही ठिबकतो आणि तिथेच लोक फसतात. १५ लिटर पाणी १८ वरून ६० अंशांवर जाताना पेलाभर फुगते. गार पाण्याच्या वाटेवर उलटे जाऊ न देणारी झडप असल्याने हे वाढीव पाणी परत जात नाही. ते व्हॉल्व्हमधून थेंबाथेंबाने बाहेर पडते. पाणी तापत असताना होणारी ही ठिबक हे व्हॉल्व्ह काम करत असल्याचे लक्षण आहे. ती थांबवायला तिथे बूच ठोकणे म्हणजे तिसऱ्या पहारेकऱ्याला बांधून घालणे. गिझर बंद असतानाही ठिबक चालूच राहिली, तर मात्र लाइनचा दाब जास्त आहे किंवा व्हॉल्व्हच्या सीटवर क्षार बसला आहे, प्लंबरला बोलवावे.

तापल्यावर लाल दिवा कधीच विझत नसेल, नळातून पाण्याऐवजी वाफेचे फटकारे येत असतील, तर बटण लगेच बंद करावे आणि टाकी आपोआप निवू द्यावी. नळाला हात लावताच झिणझिण्या आल्या, तर कॉइलचे आवरण फुटून वीज पाण्यात उतरली आहे आणि अर्थिंगही नीट नाही, असे समजावे. बोअरच्या जड पाण्यात हे लवकर होते; कॉइलवर क्षाराचा थर बसला की आतली तार अधिक तापते आणि आवरण तडकते. अशा वेळी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी क्षणार्धात वीज तोडतो. तो गिझरच्या खोक्यात येत नाही, घराच्या वीजफळीत असावा लागतो. म्हणून गिझर बसवायला आलेल्या माणसाकडून आधी फळी आणि अर्थिंग तपासून घ्यावे, मगच भिंतीला भोक पाडू द्यावे.