चौतीस माणसं, एक किल्ली

तालुक्याच्या गावातलं साड्यांचं दुमजली दुकान. गल्ल्यामागच्या भिंतीत एक खिळा, खिळ्याला किल्ली, आणि किल्लीला कापडाच्या ताग्यातून निघालेली पुठ्ठ्याची नळी बांधलेली, हरवू नये म्हणून. जिन्याखालच्या एकुलत्या एका संडासाची ती किल्ली. कामाला चौतीस माणसं, त्यांत बावीस बायका. ज्या कुणाला जायचं असेल तिनं गल्ल्यापाशी यायचं, शेठजींसमोर हात लांब करून किल्ली घ्यायची आणि गिऱ्हाइकांच्या गर्दीतून ती नळी हातात धरून जिन्याकडे जायचं.

दुकानाची डागडुजी करायची म्हणून मला बोलावलं होतं. प्लंबिंगच्या कामात माझी सव्वीस वर्षं गेली. शेठजी म्हणाले, "फरशी बदला, नवीन कमोड बसवा, चकाचक करा." मी विचारलं, "किती जणांसाठी?" त्यांनी बोटं मोजली नाहीत. "अहो, एक आहेच की. फार तर अजून एक काढू."

माणसांवरून भांड्यांची संख्या ठरवायचा तक्ता भारतीय मानक ब्युरोच्या राष्ट्रीय इमारत संहितेत आहे. आम्ही तिला एनबीसी म्हणतो. सध्याची आवृत्ती २०१६ सालची. कचेऱ्यांसाठी तिच्यातलं प्रमाण सोपं आहे. पुरुषांना दर २५ जणांमागे एक संडास, बायकांना दर १५ जणींमागे एक. बेसिन दोघांनाही दर २५ मागे एक. पुरुषांच्या मुताऱ्या वेगळ्या मोजायच्या: सहा माणसांपर्यंत नसली तरी चालते, ७ ते २० ला एक, २१ ते ४५ ला दोन. दुकानातल्या कामगारांसाठीही मी हेच प्रमाण धरतो.

या आकड्यांना एक शेपूट आहे आणि सगळी चूक तिथेच होते. प्रत्येक ठिकाणी ‘किंवा त्याच्या भागासाठी’ असं म्हटलेलं असतं. म्हणजे पंचवीस पुरुषांना एक, पण सव्विसावा आला की दोन. पंधरा बायकांना एक, सोळावी आली की दोन. भागाकार नेहमी वरच्या बाजूला न्यायचा. दुसरी चूक सगळ्यांची बेरीज करून भागण्याची. ३४ ला २५ ने भागून ‘दोन झाले’ असं म्हणता येत नाही. आधी पुरुष वेगळे, बायका वेगळ्या, मग भागाकार.

त्या दुकानात बारा पुरुष होते, म्हणजे एक संडास, एक मुतारी, एक बेसिन. बावीस बायका म्हणजे दोन संडास, एक बेसिन. शेठजींना वाटत होतं त्यापेक्षा ही संख्या मोठी होती. "बायकांना दोन आणि बाप्यांना एकच?" असं त्यांनी दोनदा विचारलं.

त्याचं उत्तर मी त्यांना घड्याळ लावून दिलं. जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची. बायका दोन पाळ्यांत जेवतात, एका पाळीत अकरा. त्यांतल्या आठ जणींना जायचं आहे असं धरा. साडी सावरून, आत जाऊन, पाणी टाकून, परत नीट होऊन बाहेर यायला तीन मिनिटं लागतातच; पाळीच्या दिवसांत त्याहून जास्त. आठ त्रिक चोवीस. म्हणजे शेवटच्या बाईला डबा उघडायला सहा मिनिटं उरतात. दोन संडास असले की हेच काम बारा मिनिटांत होतं. पुरुषांचा बराचसा भार मुतारी उचलते आणि तिथे एकाला मिनिटभर पुरतं. बायकांना ती सोय नाही, म्हणून तक्त्यातच २५ च्या जागी १५ आहेत.

तीन मिनिटंही मिळत नसतील तर बाई काय करते? ती पाणी पीत नाही. काउंटरवरच्या एका ताईंनी मला त्यांची बाटली दाखवली होती. दुपारचे चार वाजले होते आणि बाटली गळ्यापर्यंत भरलेली. "घरी गेल्यावर पिते," म्हणाल्या. दिवसभर लघवी तुंबवली की जळजळ, ताप, मूत्रमार्गाचा संसर्ग हे ओघानं येतं. केरळात कोळिकोडच्या मिठाई गल्लीतल्या दुकानांमध्ये काम करणाऱ्या बायकांचं हेच दुखणं होतं. तिथल्या पी. विजी यांनी त्यांची संघटना बांधली ती आधी संडासासाठीच. कामावर बसायला मिळण्याचा त्यांचा गाजलेला लढा नंतरचा. त्यावर केरळनं २०१८ मध्ये कायदा बदलला.

आता दिवाळीचं. कापडाच्या दुकानात दसऱ्यापासून लग्नसराईपर्यंत जादा मुली कामाला घेतात. या दुकानात आठ घेत. म्हणजे बायका तीस. संडास दोनच राहतात, कारण पंधरा दुणे तीस बरोबर बसतात, पण बेसिन मात्र एकाचे दोन होतात. पुरुष दोन वाढून चौदा. त्यांच्याकडे काही बदलत नाही. म्हणून मोजणी श्रावणातल्या मंगळवारी करू नये. वर्षातल्या सगळ्यात गर्दीच्या दिवशी एका वेळी जितकी माणसं कामावर असतील तो आकडा धरायचा. पाळ्या असतील तर मोठ्या पाळीचा, आणि पाळी बदलताना दोन्हीकडची माणसं अर्धा तास एकत्र असतील तर त्या अर्ध्या तासाचा.

बेसिनकडे लोक सहज दुर्लक्ष करतात. आपल्या कचेऱ्यांत आणि दुकानांत बेसिनवर हात धुतात, तोंड धुतात आणि डबेही तिथेच विसळतात. भाताची शितं, कढीपत्ता, तेलाचा ओशटपणा बेसिनखालच्या बाटलीसारख्या ट्रॅपमध्ये जाऊन बसतो. तो जेमतेम सव्वा ते दीड इंची नळाचा कारभार. पाणी हळू उतरायला लागलं, वर तेलाचा तवंग राहिला आणि नळ बंद केल्यावर खालून गुडगुड ऐकू आली की समजावं, ट्रॅप भरत आला. मग एक बेसिन दोन दिवस बंद, आणि ते एकच असेल तर संडासातून आलेला माणूस हात न धुता काउंटरला जातो. म्हणून मी आकडा पूर्ण झाला तरी डबे धुवायला वेगळं सिंक मागतो, जेवायच्या जागेजवळ, जाळी लावलेलं. ते बेसिनच्या हिशेबात धरायचं नाही.

हिशेबात न धरायच्या गोष्टी आणखी आहेत. साहेबांच्या केबिनला जोडलेला संडास कर्मचाऱ्यांच्या मोजणीत येत नाही. तक्त्यातही तो वेगळा आहे. ज्या संडासात रिकामे खोके, झाडू आणि गणपतीचं मखर ठेवलेलं आहे तोही येत नाही. एका कचेरीत मला चार दाखवले होते. त्यांतला एक साहेबांचा, एक खोक्यांचा, एक फ्लश बिघडलेला. एकोणतीस माणसांसाठी एकच खरा होता.

कचेऱ्यांमध्ये आणखी एक घोटाळा होतो. नकाशा मंजूर करताना तिथे माणसं नसतात, म्हणून क्षेत्रफळावरून माणसं धरतात. एनबीसीत कचेरीसाठी माणशी १० चौरस मीटर असा आकडा आहे. हजार-अकराशे चौरस फुटांच्या गाळ्याला दहा माणसं आली. पुरुषांना एक आणि बायकांना एक संडास-बेसिन देऊन बिल्डर मोकळा होतो, आणि त्याचं काही चुकलेलंही नसतं. पण आज त्याच गाळ्यात अडीच फुटी टेबलं शेजारी शेजारी लावून पंचवीस मुलं-मुली संगणकावर बसतात. गाळा भाड्यानं घेताना माणसं किती बसतील हे सगळे विचारतात. मागच्या भिंतीला डक्ट आहे का, तिथून चार इंची पाइप जातो का, हेही त्याच दिवशी बघायला हवं. कारण बेसिन कुठेही सरकवता येतं, संडास येत नाही. त्याचा चार इंची पाइप साधारण चाळीस फुटांत एक फूट उतार घेत उभ्या पाइपापर्यंत गेला पाहिजे. वरच्या मजल्यावर हा उतार घ्यायला फरशीखाली जागा नसेल तर फरशी उचलावी लागते, आणि दोन पायऱ्या चढून जायचा संडास गुडघे दुखणाऱ्या माणसाच्या कामाचा नाही.

आमच्या दुकानात सुदैवानं मागची भिंत डक्टला लागून होती. पहिल्या मजल्यावरच्या गोदामातून नऊ फूट बाय आठ फुटांचा कोपरा मागितला. शेठजींच्या भाषेत ती पैठण्यांची दोन कपाटं होती. भिंतीकडे तीन फूट बाय चार फुटांचे दोन संडास, तिसऱ्या तेवढ्याच जागेत बादल्या, खराटे आणि सफाईचा नळ, समोर चार फुटांची वाट आणि तिच्यात दोन बेसिनं. प्रत्येक संडासात पाण्याचा नळ, आतून घट्ट बसणारी कडी, पिशवी अडकवायला हूक आणि झाकणाचा डबा. जिन्याखाली पुरुषांची सोय केली. उताराच्या ठेंगण्या बाजूला संडास आणि उंच बाजूला मुतारी, कारण तिथे माणूस उभा राहतो. बेसिन बाहेरच्या भिंतीला. पाणी माणशी रोज ४५ लिटर धरतात. दिवाळीतल्या ४४ माणसांचं १९८० लिटर झालं, म्हणून गच्चीवर दोन हजारांची टाकी.

गिऱ्हाइकांना संडास खुला ठेवायचा असेल तर मात्र हा हिशेब अपुरा. आपल्याकडच्या बांधकाम नियमांत दुकानांसाठी कर्मचाऱ्यांबरोबर गिऱ्हाइकंही धरायला सांगितली आहेत: गर्दीच्या वेळी तासाभरात दुकानात सरासरी जितकी माणसं असतात तितकी, निम्मे पुरुष आणि निम्म्या बायका.

अगदी छोट्या गाळ्यात, चार-पाच माणसांत, स्त्री-पुरुषांसाठी एकच खोली चालवता येते. अट एवढीच की आत बेसिन हवं, आतून कडी हवी, आणि दार थेट गिऱ्हाइकांच्या तोंडावर उघडू नये. ब्रिटनमध्येही कामाच्या जागी पाच माणसांपर्यंत एक संडास आणि एक बेसिन पुरेसं मानतात, पण सहाव्या माणसापासून दोन्ही दोन. जागाच नसेल तर महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानं अनेक मालकांना मिळून सामाईक सोय करायची मुभा दिली आहे. तिथे सगळ्या गाळ्यांची माणसं एकत्र मोजायची. चार-चार माणसांचे आठ गाळे, त्यांत वीस पुरुष आणि बारा बायका असतील, तर पुरुषांना एक संडास, एक मुतारी, एक बेसिन आणि बायकांना एक संडास, एक बेसिन. सफाईचा महिन्याचा पगार कोणी किती द्यायचा हे आधीच लिहून ठेवावं. सामाईक संडास बंद पडतात ते बहुतेक याच भांडणानं.

दोन वर्षांनी शेठजींचा फोन आला. दुकान वाढलं होतं. कायमच्या बायका सव्वीस, दिवाळीच्या आठ, एकूण चौतीस. "दोनात भागेल का हो?" मी म्हटलं, "पंधरा दुणे तीस. चार जणी वर राहिल्या, म्हणजे तीन." बेसिनं दोन होती, ती पन्नासांपर्यंत पुरतात. फोडाफोडी किती, हे विचारताना त्यांचा आवाज उतरला होता. पण खराट्यांच्या त्या कोपऱ्यात फरशीखाली चार इंची जोड मी तेव्हाच घालून, वर टोपी बसवून ठेवला होता. दोन फरश्या उचलल्या, टोपी काढली, भांडं बसवलं. बादल्या जिन्याखाली गेल्या. तीन दिवसांचं काम होतं, आणि घटस्थापनेच्या आदल्या संध्याकाळी ते संपलं.