कर्ज फिटल्याचा निरोप कसा असावा?

‘तुमचे कर्ज बंद झाले आहे. कागदपत्रांसाठी शाखेशी संपर्क साधा.’ गृहकर्ज फेडणाऱ्याला अशा निरोपातून काहीच कळत नाही. किती रक्कम कधी जमा झाली, मूळ कागदपत्रे कधी मिळणार?

तोच निरोप असा लिहावा: ‘१२ जून रोजी व्याजासह ₹३,४७,२१० जमा झाले. बाकी शून्य. मूळ खरेदीखत १२ जुलैपर्यंत तुम्ही निवडलेल्या शाखेत मिळेल. ओळखपत्र आणा, यादीशी कागद ताडून मगच पोचपावतीवर सही करा.’

तारीख महत्त्वाची, कारण रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ डिसेंबर २०२३ पासून पूर्ण परतफेडीनंतर ३० दिवसांत मूळ कागदपत्रे परत करावी लागतात. बँकेमुळे उशीर झाल्यास दिवसाला ₹५,००० भरपाई मिळते. जमा तारीखच नसेल, तर हे दिवस मोजायचे कुठून?