३१ जुलै, सहा कागद आणि राहून गेलेली एक ओळ

जुलै उजाडला की शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक रंगीत फलक फिरू लागतो. २०२५ च्या खरिपात त्याच्याखालचा मजकूर साधारण असा असायचा : ‘पीक विम्याची शेवटची तारीख ३१ जुलै. आधार, शेतकरी ओळख क्रमांक, सातबारा व आठ-अ, बँक पासबुक, पीकपेऱ्याचं स्वयंघोषणापत्र सोबत आणा. दुसऱ्याची जमीन कसत असाल, तर नोंदणीकृत भाडेकरारही.’

त्या वर्षी एक रुपयातला विमा बंद झाला आणि खरिपाच्या अन्नधान्य व गळीत पिकांना विमा रकमेच्या दोन टक्क्यांपर्यंत हप्ता पुन्हा शेतकऱ्याकडे आला. कापूस-कांद्याला ही मर्यादा पाच टक्के. पुढे मुदत वाढली खरी, पण वाढीच्या भरवशावर बसणं शहाणपणाचं नाही. शेवटच्या दिवसांत संकेतस्थळ रेंगाळतं आणि आधारवरचं नाव पासबुकाशी जुळत नाही, हे नेमकं तेव्हाच कळतं. पीककर्ज घेतलेल्यांसाठी आणखी एक तारीख असते. विमा नको असेल, तर मुदतीच्या सात दिवस आधी बँकेला तसं लेखी द्यावं लागतं. नाहीतर हप्ता खात्यातून कापला जातो.

फलकावर बहुधा राहून जाते ती ई-पीक पाहणी. ती होते विमा भरल्यानंतर, ऑगस्टपासून. अर्जात सोयाबीन आणि पाहणीत तूर, असं निघालं की अर्जच अडचणीत येतो. दुबार पेरणीत पीक बदललेल्यांचं हे हमखास होतं. म्हणून पावती जपायची, आणि पाहणी करताना ती समोर ठेवायची.

आता पैसे कधी मिळतात ते पाहू. २०२५ च्या खरिपात राज्यात भरपाई पीक कापणी प्रयोगांतून आलेल्या उत्पन्नावर ठरत होती. एकट्याच्या शेतात पाणी शिरलं म्हणून केलेली तक्रार तेव्हा चालत नव्हती. समजा, महसूल मंडळात सोयाबीनचं सरासरी उत्पन्न हेक्टरी १५ क्विंटल आहे (गेल्या सात वर्षांतली चांगली पाच धरून). जोखीमस्तर ७० टक्के, म्हणून उंबरठा झाला साडेदहा क्विंटल. यंदा प्रयोगांत ८.४ क्विंटल आले, म्हणजे उंबरठ्यापेक्षा २० टक्के घट. विमा रक्कम हेक्टरी ५० हजार धरली, तर भरपाई १० हजार. मंडळाचा आकडा ११ क्विंटल आला, तर भरपाई शून्य. मग तुमच्या बांधाआत तीनच क्विंटल का निघेनात.

हा भाग फलकावर मावत नाही, मान्य. पण कंपनीच्या बैठकीत तो सांगायलाच हवा. हप्ता भरणारा माणूस आपल्या शेताचा विमा काढतोय असं समजून भरतो, आणि नुकसान मात्र मंडळाचं मोजलं जातं.