स्कार्टच्या एकवीस पिना

स्कार्ट हा टीव्ही आणि त्याला जोडायच्या यंत्रांमध्ये आवाज, चित्र आणि काही सूचना एकाच केबलमधून नेणारा 21 पिनांचा जोड आहे. 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात तो फ्रान्समध्ये तयार झाला. रेडिओ आणि टीव्ही बनवणाऱ्यांच्या तिथल्या संघटनेच्या नावाची आद्याक्षरे जोडून ‘स्कार्ट’ हे नाव आले. फ्रान्समध्ये मात्र लोक त्याला ‘पेरितेल’ म्हणत. 1980 पासून फ्रान्समध्ये विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या टीव्हीला हे सॉकेट असणे बंधनकारक झाले आणि मग व्हिडिओ रेकॉर्डर, गेम कन्सोल, सेट-टॉप बॉक्स, डीव्हीडी प्लेअर या सगळ्यांबरोबर ते युरोपभर पसरले. भारतातल्या टीव्हींवर पिवळ्या, पांढऱ्या आणि लाल एव्ही पिनांचे राज्य होते, त्यामुळे इकडे स्कार्ट दिसतो तो बहुधा युरोपातून आलेल्या एखाद्या जुन्या यंत्राच्या पाठीवर.

जोडाचा आकार तिरप्या कडेचा आहे, त्यामुळे प्लग उलटा बसत नाही. पिना दोन ओळींत आहेत, एका ओळीत विषम क्रमांक आणि दुसरीत सम. अशा वीस पिना आत, आणि एकविसावी म्हणजे प्लगची धातूची कड, जी जमिनीला जोडलेली असते. प्लग जड आणि पकड सैल, म्हणून टीव्ही थोडा सरकवला तरी तो अर्धवट निघतो. स्कार्टच्या बऱ्याच तक्रारींचे मूळ एवढेच असते.

पिनांची वाटणी समजून घ्यायची तर आधी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते: हा जोड दुतर्फी आहे. एकाच सॉकेटमधून टीव्ही सिग्नल बाहेरही देतो आणि आतही घेतो. पिन 1 आणि 3 वरून उजवा आणि डावा आवाज बाहेर जातो, 2 आणि 6 वरून तो आत येतो. चित्राचा कंपोझिट सिग्नल 19 वरून बाहेर पडतो आणि 20 वरून आत येतो. म्हणून केबलमध्ये या तारा उलटसुलट जोडलेल्या असतात: एका टोकाची 19 दुसऱ्या टोकाच्या 20 ला, 1 ही 2 ला, 3 ही 6 ला. या रचनेचा खरा उपयोग फ्रान्समध्ये 1984 साली सुरू झालेल्या ‘कॅनाल प्लूस’ या सशुल्क वाहिनीने दाखवून दिला. टीव्हीचा ट्यूनर मुद्दाम बिघडवलेले चित्र पकडी, ते 19 वरून डीकोडरकडे जाई आणि सरळ झालेले चित्र त्याच केबलमधून 20 वर परत येई. डीकोडरला स्वतःचा ट्यूनर लागतच नसे.

रंगांच्या तीन पिना मात्र एकाच दिशेच्या आहेत. 15 वर लाल, 11 वर हिरवा, 7 वर निळा, आणि प्रत्येकाची जमीन शेजारच्या 13, 9 आणि 5 वर. प्रत्येक रंगाचा सिग्नल 0.7 व्होल्टचा असतो आणि घेणाऱ्या टोकाला 75 ओहमचा रोध असतो. या तीन तारांमुळेच स्कार्टला आजही मोल आहे. कंपोझिटमध्ये उजेड आणि रंग एकाच तारेत कोंबलेले असतात. पाल पद्धतीत रंग सुमारे 4.43 मेगाहर्ट्झच्या लहरीवर स्वार होतो आणि टीव्हीला तो परत वेगळा काढावा लागतो. हे वेगळे काढणे कधीच पूर्ण साधत नाही. रंगांच्या सीमेवर ठिपके सरकताना दिसतात, लाल रंग कडेबाहेर सांडतो, बारीक उभ्या रेषांवर इंद्रधनुष्य उमटते. आरजीबीमध्ये रंग मिसळलेलेच नसतात, त्यामुळे वेगळे काढायचा प्रश्न येत नाही. फ्रान्समध्ये तर सेकॅम ही आणखी वेगळी रंगपद्धत होती. कन्सोल बनवणाऱ्यांना तिच्यासाठी निराळे सर्किट करण्यापेक्षा थेट आरजीबी देणे सोपे पडले.

पण लाल, हिरवा आणि निळा एवढ्याने चित्र उभे राहत नाही. ओळ कुठे सुरू होते आणि पडदा कुठे संपतो हे सांगणारा सिंक सिग्नल लागतो आणि त्याला स्कार्टमध्ये स्वतंत्र पिन नाही. तो 20 वरच येतो. बहुतेक यंत्रे तिथे सरळ पूर्ण कंपोझिट चित्र पाठवतात आणि टीव्ही त्यातला फक्त सिंक उचलून बाकीचे सोडून देतो. ही सोय पुढे मोठ्या गैरसमजाचे कारण ठरते, कारण आरजीबी केबलमधून कंपोझिट चित्रही गुपचूप सोबत येत असते.

मग टीव्हीने कोणते चित्र दाखवायचे? हा निर्णय दोन पिनांवरच्या व्होल्टेजवर होतो. पिन 8 वर 0 ते 2 व्होल्ट असतील तर टीव्ही आपली वाहिनी दाखवत राहतो. 9.5 ते 12 व्होल्ट आले की तो जोडलेल्या यंत्राकडे वळतो, आणि 4.5 ते 7 व्होल्ट असतील तर यंत्राकडे वळून चित्र रुंद, म्हणजे 16:9 आहे असे समजतो. पिन 16 आरजीबीचा फैसला करते: 0.4 व्होल्टपर्यंत कंपोझिट, 1 ते 3 व्होल्टला आरजीबी. ही अदलाबदल इतकी जलद आहे की एका ओळीच्या मध्येच ती करता येते, म्हणजे टीव्हीच्या चित्रावर बाहेरून आलेली अक्षरे आरजीबीने चढवता येतात. उरलेल्या 10, 12 आणि 14 या पिना यंत्रांनी आपापसांत सूचना देण्यासाठी राखलेल्या आहेत; चित्र जोडायला त्यांची गरज पडत नाही.

एस-व्हिडिओ नंतर घुसवला गेला. त्यात उजेड 20 वर आणि रंग 15 वर, म्हणजे लालच्याच तारेवर येतो. त्यामुळे आरजीबी आणि एस-व्हिडिओ एकाच वेळी चालत नाहीत. यंत्र एस-व्हिडिओ देत असेल आणि टीव्ही कंपोझिटच्या अपेक्षेत असेल, तर चित्र स्वच्छ पण कृष्णधवल दिसते. यंत्रात बिघाड नसतो, फक्त मेनूतली निवड चुकलेली असते.

केबल ही वेगळी डोकेदुखी आहे. प्लगवर वीस पिना दिसल्या म्हणून आत वीस तारा असतीलच असे नाही. स्वस्त केबलमध्ये फक्त आवाज आणि कंपोझिट असतात. तारांना वेगवेगळे आवरण नसेल तर चित्राचा सिग्नल आवाजात झिरपतो आणि पडदा पांढरा झाला की गुणगुण वाढते. कन्सोलच्या केबलमध्ये तर सुटे भागही लागतात. युरोपातल्या सुपर निन्टेंडोच्या केबलमध्ये प्रत्येक रंगाच्या तारेला जमिनीशी जोडणारा 75 ओहमचा रोध हवा. अमेरिकी किंवा जपानी यंत्राची केबल लावली की तो नसतो आणि चित्र भगभगीत होते. जपानमध्ये ह्याच आकाराचा 21 पिनांचा दुसरा जोड आहे, पण त्याची वाटणी पूर्ण निराळी. तो स्कार्टमध्ये बसतो, आणि म्हणूनच तो बसवू नये.

आजच्या टीव्हीवर स्कार्टचे सॉकेट नसते, आणि नुसती जोडवायर बदलून काम होत नाही. स्कार्ट ते एव्ही असा साधा अॅडॉप्टर फक्त कंपोझिट आणि आवाज बाहेर काढतो. त्यातली लाल पिन उजव्या आवाजाची असते, लाल रंगाची नव्हे. मॉनिटरच्या व्हीजीए सॉकेटलाही आरजीबीच लागतो, पण ओळींचा वेग आड येतो. पाल यंत्र सेकंदाला 15,625 ओळी पाठवते आणि व्हीजीए मॉनिटरला किमान 31,500 च्या आसपास हव्या असतात. टीव्हीच्या कंपोनंट सॉकेटला तर सिग्नलचे गणितच वेगळे लागते. म्हणजे मधे एक यंत्र लागणार, जे आरजीबी घेईल, ओळी वाढवेल आणि एचडीएमआय देईल.

बाजारात ‘स्कार्ट ते एचडीएमआय’ म्हणून मिळणारे अनेक स्वस्त डबे हे काम करत नाहीत. त्यांच्या सॉकेटमध्ये सगळ्या पट्ट्या असतात, पण आतल्या बोर्डावर रंगांच्या तिन्ही पिना कुठेच गेलेल्या नसतात. डबा 20 वरचे कंपोझिट उचलतो आणि तेच ताणून 1080 ओळींचे करतो. आरजीबी केबल लावूनही चित्र येतेच, त्यामुळे ग्राहकाला संशय येत नाही. तपासायला मल्टिमीटर पुरतो. डब्याची वीज काढून पिन 15 आणि 13, 11 आणि 9, 7 आणि 5 यांच्या मधला रोध मोजावा. सुमारे 75 ओहम दाखवले तर आरजीबी घेण्याची सोय आहे. जोडच नाही असे दाखवले तर तो कंपोझिटचा डबा आहे.

युरोपातला सेगा मेगा ड्राइव्ह 2 आजच्या टीव्हीला जोडायचा असेल तर काम असे चालते. कन्सोलच्या पाठीमागे नऊ पिनांचे छोटे गोल सॉकेट आहे आणि त्यावर तिन्ही रंग, सिंक, स्टिरिओ आवाज आणि 5 व्होल्ट मिळतात. केबलमध्ये हे 5 व्होल्ट 180 ओहमच्या रोधातून पिन 16 कडे नेतात. घेणाऱ्या टोकाचे 75 ओहम धरले तर तिथे सुमारे 1.5 व्होल्ट उरतात, म्हणजे आरजीबीच्या हद्दीत. हेच 5 व्होल्ट कुणी पिन 8 लाही जोडले, तर ते 4.5 ते 7 च्या खिडकीत पडतात आणि जुना टीव्ही चित्र आडवे ताणतो. कन्सोलकडे 12 व्होल्ट बाहेर देण्याची सोय नाही, तेव्हा पिन 8 रिकामी सोडून रिमोटने एव्ही निवडणेच बरे.

केबलचे दुसरे टोक ओएसएससी या ओळी वाढवणाऱ्या यंत्राच्या स्कार्ट सॉकेटमध्ये, म्हणजे AV1 मध्ये जाते. त्याच्या छोट्या पडद्यावर ओळींची संख्या, साधारण 15.6 किलोहर्ट्झ आणि सुमारे 50 हर्ट्झ असे आकडे दिसले की सिंक पकडला गेला. हे आकडे सारखे बदलत असतील तर दोष सिंकच्या तारेत किंवा प्लगमध्ये शोधावा, टीव्हीत नव्हे. हे यंत्र पूर्ण चित्र साठवून ठेवत नाही. ओळ आली की ती दोनदा पाठवते, त्यामुळे बटण दाबणे आणि पडद्यावर हालचाल दिसणे यांत जाणवण्यासारखी दिरंगाई वाढत नाही. 288 ओळी दुप्पट होऊन 576 होतात आणि 50 हर्ट्झला 576 हा एचडीएमआयच्या मान्य प्रकारांपैकी एक आहे. तिप्पट केल्यास 864 होतात, जे कोणत्याच मानकात नाही. बरेच टीव्ही तिथे ‘सिग्नल नाही’ म्हणतात. म्हणून सुरुवात दुपटीपासून करावी. त्यानंतर टीव्हीवर गेम मोड लावावा आणि चित्राचे प्रमाण 4:3 करावे.

एक गोष्ट मात्र आरजीबीत हरवते. 1991 च्या ‘सॉनिक द हेजहॉग’ मधला धबधबा एकाआड एक उभ्या रेषांनी रंगवला आहे, आणि कंपोझिटच्या धूसरपणात त्या रेषा एकमेकींत मिसळून पाणी पारदर्शक भासते. आरजीबीत त्या रेषा रेषाच दिसतात. ज्याला पारदर्शक पाणी हवे त्याने कंपोझिट वापरावे, ज्याला स्वच्छ अक्षरे आणि खरे रंग हवेत त्याने आरजीबी. डबा विकत घेताना मात्र ‘स्कार्ट’ या शब्दावर विसंबू नये. वर्णनात आरजीबी इनपुटचा स्पष्ट उल्लेख नसेल तर तो कंपोझिटचाच समजावा.