पासपोर्टचा अर्ज भरताना पैसे कधी मागितले जातात, ते पाहा

गूगलवर ‘पासपोर्ट अर्ज’ शोधलं की कधी कधी सगळ्यात वर जाहिरातीच दिसतात. ‘प्रायोजित’ हा शब्द बारीक अक्षरात असतो. पान उघडलं की तिरंग्याचे रंग आणि इमारतींचे फोटो पाहून सरकारी कचेरीतच आल्यासारखं वाटतं.

भारतात पासपोर्टसाठी सरकारचं एकच संकेतस्थळ आहे: passportindia.gov.in. परराष्ट्र मंत्रालयाने passport-india.in, applypassport.org अशा नावांच्या साइट्सपासून सावध राहायला सांगितलं आहे. पत्ता वाचताना पहिल्या तिरक्या रेषेच्या आधी नेमकं काय आहे ते बघायचं. तिथे gov.in हवं, तेही शेवटी आणि आधी टिंब असलेलं. gov.in सरकारी यंत्रणांनाच मिळतं; .in किंवा .org कोणीही विकत घेऊ शकतो. पत्त्याशेजारच्या कुलपाच्या चिन्हावरून मालक कोण ते कळत नाही.

पत्ता नजरेतून सुटला, तरी पैसे मागण्याची वेळ लबाडी उघडी करते. समजा, नाशिकची एक विद्यार्थिनी पहिल्या पासपोर्टसाठी अर्ज करतेय. खऱ्या पोर्टलवर तिला आधी स्वतःच्या ईमेलवर खातं उघडावं लागतं आणि स्वतःचा पासवर्ड ठरवावा लागतो. मग ती फॉर्म भरून सादर करते. पैसे भरून अपॉइंटमेंट घेण्याची पायरी त्यानंतर येते. प्रौढांच्या ३६ पानी पासपोर्टला साधं शुल्क १,५०० रुपये आहे. ‘तत्काळ’साठी त्यावर आणखी २,००० लागतात.

एजंटच्या साइटवर पासवर्ड कोणी मागतच नाही. नाव, जन्मतारीख, मोबाइल भरला की थेट पैशांचं पान येतं. तिथे साध्या अर्जाला समजा ३,२०० रुपये घेतले, तर वरचे १,७०० एजंटचे. पुढे कोणीतरी फोन करून कागदपत्रं व्हॉट्सॲपवर मागवतो आणि तोच फॉर्म खऱ्या पोर्टलवर भरतो, बहुतेक वेळा त्याच्याच ईमेलवरून. खरं नुकसान इथे आहे. तारीख बदलायची झाली, तर लॉगिन त्या माणसाकडे! शिवाय पासपोर्ट सेवा केंद्रात स्वतः जाणं, बोटांचे ठसे देणं, पोलीस पडताळणी, यातलं काहीही तिला चुकत नाही.

मदत घेण्यात गैर काहीच नाही. अनेक कॉमन सर्व्हिस सेंटरवर ठरावीक शुल्कात फॉर्म भरून मिळतो. फक्त ईमेल आणि मोबाइल नंबर आपलाच द्यावा.

पैसे आधीच दिले असतील, तर त्या माणसाकडून अर्जाचा क्रमांक आणि लॉगिन मागून घ्या व खऱ्या पोर्टलवर स्वतः उघडून बघा. काहीच मिळालं नाही आणि फोनही उचलला जात नसेल, तर बँकेला कळवून लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.