फरशी बसवण्याआधी पत्र लिहा

हॉलसाठी आलेल्या दोन बाय दोनच्या टाइल्सचे 40 बॉक्स आम्ही मिस्त्रीला लगेच फोडू दिले नाहीत. आधी प्रत्येक बॉक्सवरचा शेड नंबर वाचला. 26 बॉक्सवर एक होता, 14 वर दुसरा. भट्टीचं तापमान किंवा रंगाचं मिश्रण थोडं बदललं, तरी त्याच डिझाइनची छटा बदलते. दोन्हींतली एकेक टाइल उजेडात शेजारी ठेवली, तर फरक दारातूनच दिसला. शिवाय 11 टाइल्सचे कोपरे उडालेले होते.

त्याच दिवशी दुकानदाराला लिहिलं: ‘बिलातील 40 बॉक्स एकाच शेडचे ठरले होते. दोन शेड आल्या असून 11 टाइल्स फुटक्या आहेत. फोटो जोडले आहेत. हा माल आम्ही नाकारत आहोत. एकही टाइल बसवलेली नाही. सात दिवसांत सर्व माल एकाच शेडचा द्यावा अथवा पैसे परत करावेत. वाहतूक खर्च आपला.’

‘बसवलेली नाही’ हे वाक्य सर्वांत महत्त्वाचं, कारण बसवलेला माल स्वीकारलेला धरला जातो. वस्तुविक्री अधिनियम, 1930 च्या कलम 43 नुसार वेगळं ठरलेलं नसेल, तर नाकारलेला माल परत पोचवणं ग्राहकावर बंधनकारक नाही. नकार कळवणं पुरेसं आहे.