सोड्याशिवाय फुलणारा केक

शनिवारी रात्री साडेदहाला आमच्या ओट्यावर एक केक थंड होत होता आणि त्याची उंची होती जेमतेम दीड बोट. दुसऱ्या दिवशी शेजारच्या मुलीची मंगनी. आम्ही दोघी जावा. एक शाळेत शिकवणारी, दुसरी घरून केकच्या ऑर्डरी घेणारी. मुलीच्या अम्मीने एकच अट घातली होती, "दुल्हन, सोड्याची चव नको हं. गेल्या वेळचा केक जिभेला लागत होता." म्हणून बेकिंग पावडर न घालता नुसत्या अंड्यांवर फुलणारा फ्रेंच पद्धतीचा स्पंज करायचे ठरले. त्याला तिकडे 'जेनोवाज' म्हणतात. हे नाव इटलीतल्या जेनोवा शहरावरून आले आहे.

चार अंडी वाया गेली याचे वाईट वाटलेच. पण फेकण्याआधी आम्ही तो केक मधोमध कापून पाहिला. शाळेत नापास मुलाची उत्तरपत्रिका जशी नीट वाचावी लागते, तसेच हे. तळाशी रबरासारखी चिवट पिवळी पट्टी होती. तिच्या वर साबुदाण्याएवढे मैद्याचे पांढरे दाणे जागोजागी दिसत होते. आणि उरलेला सगळा भाग घट्ट, बारीक छिद्रांचा. एकाच केकमध्ये तीन चुका होत्या, आणि प्रत्येक चूक वेगळ्या टप्प्यावर झालेली होती.

घट्टपणाचे कारण अंड्यांत होते. आम्ही ती फ्रीजमधून काढून थेट फेटली होती, तीही पाचच मिनिटे. या केकमध्ये फुगवणारे दुसरे काहीच नसते. फेटताना अंड्यांत जी हवा कोंडली जाते, तीच ओव्हनच्या उष्णतेने पसरते आणि केक वर येतो. नुसता पांढरा बलक चटकन फेसाळतो, पण अख्ख्या अंड्यात पिवळ्या बलकाची चरबी असते आणि चरबी फेसाला आडवी येते. थंड अंडे तर आणखीच हट्टी. म्हणून ते साखरेसह गरम पाण्याच्या वाफेवर कोमट करायचे. ऊब मिळाली की अंडे सैल होते, साखर पूर्ण विरघळते आणि मिश्रण पाकासारखे दाट होऊन बुडबुड्यांना धरून ठेवते.

रात्री अकराला आम्ही पुन्हा सुरुवात केली. चार अंडी, कवचाशिवाय साधारण २०० ग्रॅम. आपल्याकडची अंडी लहान असतात, तेव्हा वजन करावे आणि कमी भरल्यास पाचवे फोडावे. साखर १२० ग्रॅम, मिक्सरमधून एकदा फिरवून बारीक केलेली. मैदा १२० ग्रॅम, दोनदा चाळलेला. लोणी ३० ग्रॅम, वितळवून कोमट ठेवलेले. ओव्हन आधीच १८० अंशांवर तापत ठेवला आणि आठ इंची भांड्याला तूप-मैदा लावून तळाशी कागद घातला. ही तयारी आधी, कारण फेस तयार झाल्यावर तो कुणासाठी थांबत नाही.

पातेल्यात दोन बोटे पाणी गरम करून गॅस अगदी मंद केला. त्यावर अंडी-साखरेचा वाडगा असा ठेवला की त्याचा तळ पाण्याला टेकणार नाही. टेकला तर तळाचे अंडे शिजून भुर्जीचे कण होतात आणि मग ते गाळूनही केक पूर्वीसारखा होत नाही. आता हात थांबवायचा नाही, व्हिस्कने हलवत राहायचे. बोट बुडवून पाहिले की मिश्रण अंगापेक्षा किंचित गरम लागायला हवे. थर्मामीटर असेल तर ४० ते ४५ अंश. दोन बोटांत चोळून साखरेची कचकच लागली नाही की वाडगा खाली उतरवायचा. आम्हाला तीन-चार मिनिटे लागली.

त्यानंतर इलेक्ट्रिक बीटर. आधी जोरात सहा-सात मिनिटे, मग शेवटची दोन मिनिटे अगदी हळू. हळू कशासाठी? जोराने फेटल्यावर लहान-मोठे बुडबुडे एकत्र असतात आणि मोठे लवकर फुटतात. हळू फिरवल्याने ते बारीक व सारखे होतात. पिवळे मिश्रण फिकट, जवळपास सायीच्या रंगाचे झाले आणि तिपटीने वाढले. बीटर उचलून धार सोडली तर ती फितीसारखी पडते आणि वरच्या वर आठ-दहा सेकंद दिसत राहते. धार लगेच बुडाली तर अजून फेटायचे. पहिल्या वेळी आम्ही ही खूण पाहिलीच नव्हती, घड्याळ पाहून थांबलो होतो. हाताने फेटणाऱ्या बहिणींना वीस मिनिटे सहज लागतील, आळीपाळीने फेटलेले बरे.

मैद्याच्या दाण्यांची चूक मात्र उलट्या कारणाने झाली होती. 'हलक्या हाताने मिसळा' हे वाक्य आम्ही इतके मनावर घेतले की मैदा नुसता वरवर हलवत राहिलो. घाबरून मारलेले चाळीस अर्धवट फेरे हवा जास्त घालवतात, आणि मैदा तरी कोरडाच राहतो. या वेळी मैदा तीन वाट्यांनी, फेसावर पसरून चाळला. स्पॅच्युला मधोमध कडेने उभा खाली घातला, तळावरून ओढत भिंतीलगत वर आणला आणि मिश्रण हलकेच उलटे केले. दुसऱ्या हाताने वाडगा थोडा फिरवला, पुन्हा तेच. प्रत्येक फेरा तळापर्यंत जाणारा. कोरडा मैदा दिसेनासा झाला की लगेच पुढचा वाटा. सगळे मिळून तीस-पस्तीस फेरे झाले असतील. मिश्रण थोडे खाली बसतेच, त्याने घाबरू नये. पण वर मोठे बुडबुडे येऊ लागले आणि ते पातळ होऊन वाहू लागले, तर समजावे की फेरे जास्त झाले.

राहिली तळाची चिवट पट्टी. ती लोण्याची. वितळलेले लोणी सरळ फेसात ओतले की ते जड असल्याने खाली जाते आणि वाटेतले बुडबुडे फोडत जाते. त्यावर उपाय सोपा आहे. दोन मोठे चमचे मिश्रण वेगळ्या वाटीत घेऊन त्यात लोणी चांगले एकजीव केले, मग ते मुख्य मिश्रणावर सोडून सात-आठ फेऱ्यांत मिसळले. लोणी कडक गरम नको आणि गोठलेलेही नको. नवशिक्यांनी लोणी गाळले तरी चालेल, केक थोडा कोरडा होतो एवढेच.

मिश्रण भांड्यात जवळून ओतले, उंचावरून नाही. एकदाच हलके टेकवून मोठे बुडबुडे काढले. पहिली वीस मिनिटे ओव्हन उघडायचा नाही असे ठरले असतानाही आमच्यातल्या एकीचा हात दरवाज्याकडे गेलाच. दुसरीने तो धरला. अठ्ठावीस मिनिटांनी केकच्या कडा भांड्यापासून सुटल्या होत्या आणि मध्ये बोटाने दाबल्यावर खड्डा भरून येत होता.

सकाळी आडवा कापून दोन थर केले. हा स्पंज जरा कोरडाच असतो, म्हणून त्यावर साखरेचा पाक शिंपडतात. फ्रेंच पाककृतींत त्या पाकात पुष्कळदा दारू असते. आम्ही संत्र्याचा रस आणि केशर घातले.

दुपारी मुलीच्या अम्मीने ताटलीत एक तुकडा घेऊन आमच्या दारात उभे राहून विचारले, "यात खरंच सोडा नाही?" आम्ही ओट्यावरचा कालचा दीड बोटाचा केक दाखवला. तो धाकट्या मुलांनी दुधात बुडवून अर्धा संपवला होता.